गळती वरच्या मजल्याची, पत्र कोणाच्या नावे?

सोसायटीच्या कचेरीत दर पावसाळ्यात एका ठरावीक छापाचं पत्र येतं. वर लिहिलेलं असतं: "मा. सचिव, बिल्डर, फ्लॅटमालक व एजंट यांस". खाली बाथरूम गळतंय, भिंतीला ओल आली आहे, गीझरला शॉक बसतो आणि लिफ्टचा दिवा गेला आहे, असं सगळं एका परिच्छेदात. सचिव ते वाचून बाजूला ठेवतो, कारण चारांपैकी तीन गोष्टी त्याच्या अखत्यारीत नाहीत. बिल्डरच्या कार्यालयात ते कोणाच्या टेबलावर जायचं हेच ठरत नाही. मालकाला वाटतं, सोसायटीला कळवलंय, म्हणजे ती बघेल. महिनाभर काही हलत नाही आणि भाडेकरूची समजूत होते की इथे कोणी दादच देत नाही.

नव्याने भाड्याने राहायला आलेल्या किंवा पहिलाच फ्लॅट घेतलेल्या माणसासाठी ही वाट समजून घेणं फार अवघड नाही. तक्रार लिहायच्या आधी दोन प्रश्न वेगवेगळे सोडवायचे: बिघाडाचं मूळ कुठे आहे, आणि आपला करार कोणाशी आहे. बहुतेक लोक पहिल्याच प्रश्नाच्या मागे लागतात आणि ज्याच्याकडून पाणी येतंय त्याच्यावर पत्र धाडतात. पत्राचा मायना मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरतो. ज्याने तुमच्याशी करार केला, तो तुम्हाला उत्तर देणं लागतो. पुढे त्याने कोणाला धरायचं, हे पहिल्या प्रश्नावरून ठरतं.

सगळा लेख एकाच उदाहरणावर नेतो. समजा, पुण्यात वाकडला एका इमारतीत पाचव्या मजल्यावर तुम्ही अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर राहता. मालक दुबईला असतात. करारावर त्यांच्या वतीने त्यांच्या मेहुण्यांनी सही केली, ते कोथरूडला राहतात. घर दाखवलं एजंटने. इमारतीचा ताबा जून २०२२ मध्ये मिळाला आणि सोसायटी नोंदलेली आहे. ऑगस्टमध्ये तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या: बाथरूमच्या छतातून थेंब पडतात, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओल पसरली आहे, आणि गीझरला हात लावला की झिणझिण्या येतात.

आधी करार उघडा

महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झाली असेल तर पहिल्या पानावर लायसन्सर, म्हणजे घर देणारा, म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. आपल्या उदाहरणात तिथे मालकांचं नाव असेल आणि पुढे "तर्फे कुलमुखत्यारधारक" म्हणून मेहुण्यांचं. "तर्फे" या एका शब्दाने पत्राचा मायना ठरून जातो. करार मालकांशी झालेला आहे, मेहुण्यांनी फक्त त्यांच्या जागी सही केली आहे.

पतिपत्नी दोघं मालक असतील तर पत्र दोघांच्या नावे लिहा. आणि ज्याने घर दिलं तो खरंच मालक आहे का अशी शंका आली, तर सोप्यात सोपा उपाय म्हणजे सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल बघायला मागणं. बिल सभासदाच्या नावावर निघतं. त्याच्या पुढचा पुरावा म्हणजे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. फ्लॅट आधी कोणाकडून कोणाकडे गेला, याच्या नोंदी त्याच्या मागच्या बाजूला असतात. खरेदीखताची सूची क्रमांक २ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. लिहून देणार कोण आणि लिहून घेणार कोण, हे तिथे दिसतं. विजेच्या बिलावर मात्र विसंबू नका. फ्लॅट विकून वर्षं झाली तरी मीटर जुन्याच नावावर राहिलेला असतो.

फ्लॅट विकत घेतलेला असेल तर तुमचा मुख्य कागद म्हणजे बिल्डरशी झालेला नोंदणीकृत करारनामा. त्यातलं कंपनीचं नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. फलकावर एखाद्या ग्रुपचं झगमगीत नाव असतं, पण करार बहुधा त्या एका प्रकल्पासाठी काढलेल्या वेगळ्याच भागीदारी संस्थेशी किंवा एलएलपीशी झालेला असतो. ग्रुपच्या नावे पाठवलेली नोटीस "आमचा या प्रकल्पाशी थेट संबंध नाही" अशा गोड उत्तरासह परत येऊ शकते.

कुलमुखत्यारधारक: पत्र त्याच्या हाती, पण त्याच्या नावे नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. घराची किल्ली मेहुण्यांनी दिली, भाडं त्यांच्याशी बोलून ठरलं, फोनही तेच उचलतात, म्हणून भाडेकरू त्यांनाच मालक धरून चालतो. करार कायदा, १८७२ वेगळं सांगतो. मुखत्याराने आपल्या अधिकारात मालकासाठी जे केलं ते मालकाने केल्यासारखं असतं, आणि मालकाचं नाव उघड असेल तर मुखत्यार सहसा स्वतःच्या खिशातून बांधील नसतो. म्हणजे डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी दुबईच्या मालकांची आहे, कोथरूडच्या मेहुण्यांची नाही. पत्र फक्त मेहुण्यांच्या नावे लिहिलंत आणि उद्या प्रकरण वाढलं, तर "मी निव्वळ सही करणारा" हे त्यांचं उत्तर कायद्याला धरूनच असेल.

त्याच कायद्यात तुमच्या सोयीचीही एक गोष्ट आहे. मालकाचं काम करत असताना मुखत्याराला दिलेली सूचना ही मालकालाच दिलेली समजली जाते. तेव्हा मायना असा ठेवा: मालकांचं नाव, खाली "तर्फे कुलमुखत्यारधारक" म्हणून मेहुण्यांचं नाव, त्यांचा कोथरूडचा पत्ता, आणि प्रत मालकांच्या ईमेलवर. दुबईचा पत्ता करारात असेल तर तोही लिहा.

घर घेतानाच कुलमुखत्यारपत्राची एक प्रत मागून ठेवलेली बरी. त्यात चार गोष्टी पाहायच्या. एक, भाड्याने देणं, भाडं घेणं, दुरुस्ती करवून घेणं आणि नोटीस स्वीकारणं हे अधिकार त्यात लिहिलेले आहेत का. पुष्कळ मुखत्यारपत्रं फक्त नोंदणी कार्यालयात हजर राहून दस्त कबूल करण्यापुरतीच असतात. मग मेहुणे करारावर सही करू शकतात, पण गीझर बदलायचा खर्च मंजूर करू शकत नाहीत. अशा वेळी त्यांच्या मागे लागण्यात दिवस जातात. दोन, दस्त परदेशात केला असेल तर त्यावर तिथल्या भारतीय वकिलातीचं साक्षांकन आणि भारतात आल्यावर भरलेलं मुद्रांक शुल्क आहे का. ते शुल्क दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांत भरायचं असतं. तीन, मुदत संपलेली नाही ना. आणि चार, मालक हयात आहेत ना. विचारायला अवघड वाटतं, पण मालक वारले की साधं कुलमुखत्यारपत्र तिथेच संपतं. त्यानंतर पत्र कायदेशीर वारसांच्या नावे लिहावं लागतं, मेहुण्यांना कितीही माहिती असली तरी.

याच शब्दाचा एक अगदी वेगळा प्रकार नवीन बांधकामात भेटतो. जमीनमालक विकसन करारनामा करून बिल्डरला कुलमुखत्यारपत्र देतो आणि बिल्डर त्या बळावर फ्लॅट विकतो. तिथे "मी फक्त मुखत्यार" ही पळवाट चालत नाही. घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्यात प्रवर्तकाच्या, म्हणजे प्रकल्प उभारून विकणाऱ्याच्या, व्याख्येतच जमीनमालकाचा कुलमुखत्यारधारक म्हणवणारा येतो. त्यामुळे फ्लॅट खरेदीदाराने तक्रार बिल्डरवर प्रवर्तक म्हणून करायची. जमीनमालकाच्या वाट्याचे फ्लॅट त्या प्रकल्पात विक्रीला असतील तर महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या, नोंदीत तोही प्रवर्तक म्हणून दाखवलेला आहे का ते पाहायचं, आणि असेल तर त्याचंही नाव घालायचं.

आता छताकडे आणि भिंतीकडे बघा

तीन तक्रारींची तीन वेगळी पत्रं होणार, कारण तिघांची मुळं वेगळी आहेत. गीझर सोपा: तो घरातला, मालकांचा. वायरिंगही घरातलंच. ते पत्र मालकांना, तातडीचं, आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझरचा स्विच बंद. करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने, मोठी मालकाने" असं कलम असतं. नळाचा वायसर तुमचा, गीझर नाही.

बाथरूमच्या छतातली गळती बहुतेक वेळा वरच्या फ्लॅटमधून येते, पण नेमकी कुठून, हे ठरवल्याशिवाय पत्र लिहू नका. वरच्यांना विनंती करा की एक दिवस ते बाथरूम वापरू नका, पण पाण्याचा मुख्य नळ चालू ठेवा. वापर बंद असूनही थेंब चालूच राहिले तर दाबाखाली पाणी असलेला पुरवठ्याचा पाइप गळतोय. थेंब थांबले आणि आंघोळ सुरू झाल्यावर पुन्हा आले तर दोष फरशीच्या सांध्यात, नहाणी ट्रॅपमध्ये किंवा सांडपाण्याच्या पाइपात आहे. नक्की करायचं असेल तर प्लंबर ट्रॅपला बूच मारतो, फरशीवर रंगीत पाणी साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी खालच्या छतावर रंग उतरला का ते पाहतो. तपासणी झाली की प्लंबरकडून चार ओळींचं लेखी घ्या. सोसायटीच्या बैठकीत तोंडी निदानाला किंमत नसते.

सोसायटीच्या आदर्श उपविधींत खर्चाची वाटणी बरीच स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याने होणारी गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि ड्रेनेज लाइनची गळती, गच्ची, संरचनेची दुरुस्ती, पाण्याच्या टाक्या हे सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायचं. फ्लॅटच्या आतल्या शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती ज्या-त्या सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची. म्हणजे डक्टमधला उभा पाइप फुटला असेल तर पत्र सोसायटीला. वरच्या बाथरूममधून त्या उभ्या पाइपापर्यंत जाणारा आडवा तुकडा गळत असेल तर दुरुस्ती वरच्या सभासदाची. वरही भाडेकरूच राहत असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. फरशी फोडायची परवानगी तो देऊच शकत नाही, तुम्ही त्याच्या मालकापर्यंतच जायला हवं.

इथे भाडेकरूची अडचण लक्षात घ्या. सोसायटी सभासदाला ओळखते. भाडेकरू सभासद नाही. तुम्ही सचिवांना लिहिलेलं पत्र ते माहितीसाठी घेतील, पण उत्तर द्यायला बांधील असल्यासारखे वागणार नाहीत. सभासदाची लेखी तक्रार मात्र समितीला तिच्या पुढच्या बैठकीत घ्यावी लागते आणि निर्णय कळवावा लागतो. म्हणून क्रम असा: तुम्ही मालकांना लिहा, त्यात प्लंबरचं निदान आणि फोटो जोडा, आणि स्पष्ट मागा की मालकांनी सभासद म्हणून सोसायटीला व वरच्या सभासदाला लिहावं. पत्राचा मसुदा तुम्हीच करून दिलात तर दुबईतल्या माणसाला फक्त सही करून पाठवायचं राहतं. अनुभव असा की मसुदा जोडलेला असला की उत्तर त्याच आठवड्यात येतं.

बेडरूमच्या भिंतीची ओल फक्त पावसात वाढते, कोरड्या दिवसांत वाळून पांढरा लोणा धरते, तर पाणी बाहेरून येतंय. बाहेरची भिंत सामाईक, पत्र सोसायटीला, म्हणजे पुन्हा मालकांमार्फत. एक अपवाद आधी तपासा: मालकांनी एसीचा पाइप काढायला त्या भिंतीत भोक पाडलं असेल आणि ओल नेमकी त्याच्याभोवती असेल, तर सोसायटी हात वर करेल आणि तिचं बरोबर असेल.

सोसायटी की बिल्डर?

आपल्या इमारतीचा ताबा जून २०२२ चा आहे, म्हणून बाहेरच्या भिंतीच्या बाबतीत हा प्रश्न खरा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार संरचनेतला दोष किंवा कारागिरी, दर्जा, सेवा यांतला दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रवर्तकाच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणजे जून २०२७ पर्यंत वेळ आहे, आणि ती संपण्याआधी दोष लेखी कळवलेला असला पाहिजे. भिंतीला जागोजाग केसाएवढ्या भेगा, अनेक फ्लॅटना एकाच बाजूने ओल, असं चित्र असेल तर सोसायटीने सगळ्यांच्या वतीने एकच पत्र प्रवर्तकाला द्यावं. एकट्या फ्लॅटची तक्रार "तुमच्या खिडकीचं सिलिकॉन गेलंय" म्हणून उडवून लावणं सोपं असतं.

भाडेकरूने हे पत्र स्वतः बिल्डरला लिहून उपयोग नाही. रेरा कायद्यात "घर वाटप झालेली व्यक्ती" या व्याख्येत नंतर खरेदी केलेला माणूस येतो, पण भाड्याने राहणारा स्पष्टपणे वगळला आहे. फ्लॅट दुसऱ्या हाताने विकत घेतला असेल तर मात्र पाच वर्षांतली उरलेली मुदत तुमच्या कामाची आहे. नवीन खरेदीदार ही गोष्ट हमखास विसरतात.

सोसायटी अजून झालेलीच नसेल, किंवा झाली पण तिने कारभार हाती घेतलेला नसेल, तर लिफ्ट, पंप, सफाई, पाणी यांची देखभाल प्रवर्तकाकडेच राहते आणि तक्रारही त्याच्याचकडे. "अभिहस्तांतरण झालं नाही, जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे, तेव्हा दुरुस्ती त्यानेच करावी" असं काही समित्या सांगतात. ही गल्लत आहे. जमिनीचं अभिहस्तांतरण राहिलं असेल तर तो स्वतंत्र वाद. देखभाल एकदा हाती घेतली, मेंटेनन्स गोळा करायला लागलात, की टाकी साफ करायची जबाबदारी समितीची.

पुण्यात आणखी एक खाचखळगा आहे. सगळे बोलताना "सोसायटी" म्हणतात, पण पुष्कळ इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या असतात. तिथे भागपत्र नसतं, घोषणापत्र असतं, आणि वर सांगितलेले सोसायटीचे उपविधी तिथे लागू नसतात. पावतीवर "सहकारी गृहरचना संस्था मर्यादित" आहे की "अपार्टमेंट" किंवा "असोसिएशन", तेवढं वाचून मायना लिहा. आणि व्यक्तीच्या नावाऐवजी पदाला लिहा, सचिव बदलतात. समिती बरखास्त होऊन प्रशासक नेमलेला असेल तर पत्र प्रशासकाला.

एजंट

एजंट दुरुस्तीला बांधील नाही. त्याला पत्र लिहायचं ते त्याने स्वतः जे सांगितलं किंवा घेतलं त्यापुरतं: टोकन त्याच्या खात्यात भरलं आणि परत मिळालं नाही, दलाली घेऊन पावती दिली नाही, नसलेलं पार्किंग आहे म्हणून सांगितलं. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी लागते. त्याचा क्रमांक A ने सुरू होतो, प्रकल्पाचा P ने, आणि दोन्ही maharera.maharashtra.gov.in वर शोधता येतात. भाड्याचं घर दाखवणाऱ्या एजंटवर महारेराकडे जाता येत नाही. त्याच्याविरुद्ध सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोग, आणि सरळ फसवणूक असेल तर पोलीस.

पत्र

बाथरूमचं पत्र इतकं छोटं पुरतं:

"प्रति, श्री. ______ (लायसन्सर), तर्फे कुलमुखत्यारधारक श्री. ______, कोथरूड, पुणे. विषय: फ्लॅट क्र. ५०३, बाथरूमच्या छतातून गळती. संदर्भ: नोंदणीकृत करार क्र. ______. महोदय, ६ ऑगस्टपासून फ्लॅट क्र. ५०३ च्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकत आहे. प्लंबरने ९ ऑगस्टला फ्लॅट क्र. ६०३ मध्ये रंगीत पाण्याची चाचणी केली, त्याचा अहवाल व फोटो सोबत आहेत. दोष फ्लॅट क्र. ६०३ च्या नहाणी ट्रॅपमध्ये आहे. आपण सभासद या नात्याने सोसायटीस व फ्लॅट ६०३ च्या सभासदास कळवून १५ दिवसांत दुरुस्ती करून घ्यावी. सोसायटीस द्यावयाचा मसुदा जोडला आहे. प्रत: मालकांचा ईमेल, सचिव, माहितीसाठी."

एका पत्रात एकच बिघाड लिहा. भाडं थांबवण्याची धमकी त्यात घालू नका. करारात तशी मुभा नसेल तर तुम्हीच थकबाकीदार ठरता आणि गळतीचा मुद्दा मागे पडतो. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि त्याच दिवशी तेच पत्र ईमेल व व्हॉट्सॲपवर टाका. सोसायटीत पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. वॉचमनने घेतलेल्या पत्रावर फक्त त्याची सही असेल तर पुढे समिती "आमच्यापर्यंत आलंच नाही" म्हणू शकते.

आणि या सगळ्यात मालकांनी फ्लॅट विकून टाकला तर? तसं कानावर आलं की जुन्या मालकांना आणि नव्या मालकांना, दोघांच्या नावे एक पत्र लगेच द्या: करार चालू आहे, डिपॉझिट इतकं भरलं आहे, गळतीची तक्रार अमुक तारखेला दिली आहे, यापुढे भाडं कोणाला द्यायचं आणि डिपॉझिट कोण परत करणार, ते दोघांच्या सहीने कळवावं. मेहुण्यांचं कुलमुखत्यारपत्र जुन्या मालकांचं होतं, नव्या मालकांच्या वतीने त्यांनी काही सांगितलं तर नवं मुखत्यारपत्र दाखवा म्हणा.